पाऊण वर्षाचे व्याज: नऊ महिन्यांच्या कर्जावरील सरळव्याज कसे काढावे

जून महिन्यात पेरणीसाठी घेतलेले कर्ज मार्चमध्ये फेडायचे, हा व्यवहार सोयाबीन आणि तूर घेणाऱ्या भागात फार ओळखीचा आहे. बियाणे आणि खत यांसाठी जूनच्या सुरुवातीला पैसे लागतात, सोयाबीनचे काही पैसे दिवाळीच्या आसपास हाती येतात आणि तूर विकून झाल्यावर फाल्गुनात हिशेब मिटवता येतो. या काळाचे व्याज काढताना गणित म्हणून फारसे अवघड काहीच करावे लागत नाही, तरीही याच हिशेबात चुका होतात आणि त्या जवळजवळ नेहमी एकाच जागी होतात. व्याजाचा दर वर्षाचा सांगितलेला असतो आणि मुदत महिन्यांत मोजलेली असते. ही दोन मापे जुळवून घेतली नाहीत, तर पुढचा गुणाकार कितीही काळजीपूर्वक केला तरी उत्तर चुकतेच. म्हणून या लेखात एकच उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत सोडवले आहे.

उदाहरण असे. एका शेतकऱ्याने आपल्या मेहुण्याकडून ५ जून २०२४ रोजी ३६,००० रुपये घेतले. दोघांनी एका कोऱ्या कागदावर चिठ्ठी लिहिली: ‘आज दि. ५ जून २०२४ रोजी रोख रु. ३६,००० (अक्षरी रुपये छत्तीस हजार फक्त) कर्जाऊ घेतले. व्याज सरळ, द.सा.द.शे. १४. परतफेड दि. ५ मार्च २०२५.’ खाली घेणाऱ्याची आणि देणाऱ्याची सही. आपल्याला काढायचे आहे ते एवढेच की ५ मार्चला मेहुण्याच्या हातात किती रुपये ठेवायचे.

चिठ्ठी नीट वाचणे

आकडेमोडीला हात घालण्यापूर्वी चिठ्ठीतील चार गोष्टी वेगळ्या करून लिहाव्यात. उसना घेतलेला मूळ पैसा म्हणजे मुद्दल. येथे ते ३६,००० रुपये आहे. व्याजाचा दर १४ आहे. मुदत ५ जूनपासून ५ मार्चपर्यंत आहे. चौथी गोष्ट म्हणजे ‘सरळ’ हा शब्द. त्याचा अर्थ असा की व्याज फक्त मूळ मुद्दलावर आकारायचे, साचलेल्या व्याजावर पुन्हा व्याज लावायचे नाही. चिठ्ठीत हा शब्द नसेल तर तो लिहून घ्यावा, कारण चक्रवाढ व्याजाचे उत्तर वेगळे येते आणि पुढे दिलेली रीत त्याला लागू पडत नाही. मुद्दल आणि व्याज यांच्या बेरजेला रास म्हणतात. शेवटी द्यायची असते ती रास.

‘द.सा.द.शे.’ ही अक्षरे शाळेत पाठ केलेली असतात, पण त्यांचा अर्थ उलगडून पाहिला की अर्धे गणित तेथेच सुटते. दर साल दर शेकडा, म्हणजे प्रत्येक वर्षाला, प्रत्येक शंभर रुपयांमागे. द.सा.द.शे. १४ याचा अर्थ असा की शंभर रुपये पूर्ण एक वर्ष वापरले तर त्यांचे व्याज चौदा रुपये होते. यात वर्षाची अट आहे आणि शंभराचीही अट आहे. आपल्याकडे शंभर नव्हे, छत्तीस हजार रुपये आहेत, आणि ते वर्षभर नव्हे, नऊ महिने वापरले आहेत. सरळव्याजाचे संपूर्ण गणित म्हणजे या दोन अटींपासून आपल्या प्रत्यक्ष व्यवहारापर्यंत येणे होय.

महिने मोजणे

जून ते मार्च असे बोटांवर मोजू लागले की जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च अशी दहा नावे येतात आणि माणूस सहज दहा महिने म्हणून जातो. ही चूक भल्याभल्यांची होते. आपल्याला नावे मोजायची नाहीत, तर दोन तारखांमधले अंतर मोजायचे आहे. ५ जून ते ५ जुलै हा पहिला महिना, ५ जुलै ते ५ ऑगस्ट हा दुसरा, आणि याप्रमाणे ५ फेब्रुवारी ते ५ मार्च हा नववा. मोजताना ‘पाच जुलैला एक, पाच ऑगस्टला दोन’ असे म्हणत जावे. कर्ज घेतले त्या तारखेला शून्य म्हणावे. मार्चच्या पाच तारखेला बरोबर नऊ येतात.

नऊ महिन्यांचे वर्षात रूपांतर

दर वर्षाचा आहे, म्हणून मुदतही वर्षात मांडली पाहिजे. वर्षाचे बारा महिने, त्यांतील नऊ आपण वापरले, म्हणून मुदत झाली नऊ भागिले बारा वर्षे. अंश आणि छेद या दोघांनाही तीनने भागले की तीन चतुर्थांश मिळतात, म्हणजे पाऊण वर्ष. दशांशात लिहायचे तर ०.७५.

येथे आपल्या भाषेची फार मोठी मदत होते. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड हे अपूर्णांक आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत, आणि जुन्या पिढीने तर पावकी, निमकी आणि पाऊणकी यांचे पाढे पाठ केलेले होते. चाराची पाऊणकी तीन, आठाची सहा, दहाची साडेसात, बाराची नऊ आणि चौदाची साडेदहा. नऊ महिन्यांचे व्याज काढणे म्हणजे वर्षाच्या व्याजाची पाऊणकी काढणे, एवढेच आहे. घरात कोणी आजी-आजोबा असतील तर त्यांना चौदाची पाऊणकी विचारून पाहावी. मला तरी हे पाढे शाळेतून गेल्याची हळहळ वाटते, कारण नऊ महिन्यांच्या हिशेबाला त्यांच्याइतके नेमके साधन दुसरे नाही.

प्रत्यक्ष आकडेमोड

आता सूत्र लिहू.

सरळव्याज = मुद्दल × दर × मुदत (वर्षांत) ÷ १००

नवख्या माणसाने सगळे आकडे एकाच ओळीत भरण्यापेक्षा हे सूत्र तीन टप्प्यांत वापरावे, कारण मग प्रत्येक टप्प्यावरची रक्कम कशाची आहे हे त्याला सांगता येते. पहिल्या टप्प्यात छत्तीस हजारांत शंभर किती वेळा येतात ते पाहावे: ३६,००० ÷ १०० = ३६०. म्हणजे आपण तीनशे साठ शेकडे घेतले आहेत. दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक शेकड्याचे वर्षाचे चौदा रुपये धरावेत: ३६० × १४ = ५,०४०. हे पूर्ण वर्षाचे व्याज झाले. तिसऱ्या टप्प्यात त्याचा पाऊण भाग घ्यावा. ५,०४० चा पाव भाग १,२६० रुपये. तो वजा केला की ३,७८० रुपये उरतात. हेच नऊ महिन्यांचे सरळव्याज.

रास झाली ३६,००० + ३,७८० = ३९,७८० रुपये. मधल्या काळात काहीही परत केलेले नसेल, तर ५ मार्चला एवढे पैसे द्यायचे.

उत्तराचा पडताळा दुसऱ्या वाटेने घ्यावा. तीच आकडेमोड पुन्हा केली तर तीच चूक पुन्हा होण्याचा संभव असतो. सर्वांत सोपी दुसरी वाट महिन्याच्या व्याजाची आहे. वर्षाचे ५,०४० रुपये, म्हणून महिन्याचे त्याच्या बाराव्या भागाइतके, म्हणजे ४२० रुपये, आणि नऊ महिन्यांचे ४२० × ९ = ३,७८०. महिन्याचा हा आकडा चिठ्ठीच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवावा असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कर्ज एक महिना आधी फेडले किंवा एक महिना लांबले तर काय फरक पडेल, हे मग कोणालाही विचारावे लागत नाही.

उत्तर कोठे चुकते आणि ते कसे ओळखावे

पहिली चूक म्हणजे मुदतीच्या जागी सरळ नऊ हा आकडा लिहिणे. तसे केले तर ३६,००० × १४ × ९ ÷ १०० म्हणजे ४५,३६० रुपये व्याज येते. वर्षाला शंभरामागे चौदा रुपये ठरलेले असताना नऊ महिन्यांत व्याज मुद्दलापेक्षा जास्त होणे शक्यच नाही, म्हणून ही चूक लगेच नजरेत भरते. येथे आपण नकळत नऊ वर्षांचे व्याज काढलेले असते.

दुसरी चूक अधिक घातक आहे, कारण तिचे उत्तर पाहताना बरोबर वाटते. कॅल्क्युलेटरवर हिशेब करणारी अनेक माणसे नऊ महिने म्हणजे ०.९ वर्ष असे टाकतात. दशांशाची घडण दहाची आहे आणि वर्षाची घडण बाराची, ०.९ म्हणजे दहातले नऊ, आणि आपले आहेत बारातले नऊ. या चुकीने ३६,००० × १४ × ०.९ ÷ १०० म्हणजे ४,५३६ रुपये व्याज येते. खऱ्या व्याजापेक्षा ते ७५६ रुपयांनी जास्त आहे, पण वर्षाच्या ५,०४० पेक्षा कमी असल्यामुळे कोणालाही शंका येत नाही. म्हणूनच ‘वर्षाच्या व्याजापेक्षा कमी आहे ना’ एवढी तपासणी पुरत नाही. वर्षाच्या व्याजातून नऊ महिन्यांचे व्याज वजा करून पाहावे. फरक बरोबर तीन महिन्यांच्या व्याजाइतका आला पाहिजे. आपल्या उदाहरणात ५,०४० − ३,७८० = १,२६०, आणि ४२० × ३ सुद्धा १,२६०. चुकीच्या उत्तरात हा फरक ५०४ येतो, म्हणजे एक महिना आणि सहा दिवसांच्या आसपासचा, आणि तेथे चूक पकडली जाते.

समोरच्याने हिशेब करून आणला असेल आणि त्याने वापरलेली रीत माहीत नसेल, तर त्याच्या रकमेवरून दर उलटा काढून पाहता येतो. समजा मेहुण्याने ४०,५३६ रुपये मागितले. त्यातून मुद्दल वजा केले की ४,५३६ रुपये व्याज उरते. तीनशे साठ शेकड्यांनी भागले की शेकड्यामागे १२.६ रुपये येतात, पण हे नऊ महिन्यांचे झाले. वर्षाचा दर मिळवण्यासाठी त्याला नऊने भागून बाराने गुणावे: १२.६ ÷ ९ × १२ = १६.८. ठरलेला दर १४ होता आणि मागणी १६.८ ने झाली, हे आकड्यांनिशी शांतपणे दाखवता येते. नात्यातल्या व्यवहारात अशा वेळी मनात काळेबेरे असण्यापेक्षा दशांशाची चूक झालेली असण्याचीच शक्यता जास्त असते, आणि कागदावर ती दाखवली की प्रश्न तेथेच मिटतो.

दर महिन्याचा असेल तर

वरील सर्व रीत वार्षिक दरासाठी आहे. गावातले हातोहातचे व्यवहार आणि अनेक बचत गटांचे अंतर्गत कर्ज यांत दर महिन्याचा सांगितला जातो. ‘शेकडा दोन’ किंवा ‘दोन टक्क्यांनी’ असे कोणी म्हणाले, तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा दरमहा शंभरामागे दोन रुपये असा असतो. तेथे दर महिन्याचा आणि मुदतही महिन्यांची, म्हणजे मापे आधीच जुळलेली आहेत, म्हणून बाराने भागायचे नाही. तीनशे साठ शेकडे, प्रत्येकी दरमहा दोन रुपये, म्हणजे महिन्याला ७२० रुपये आणि नऊ महिन्यांचे ६,४८० रुपये.

ऐकायला दोन हा आकडा चौदापेक्षा फार लहान वाटतो, आणि त्यामुळे नवखा माणूस दोनच्या दराला स्वस्त समजून होकार देतो. प्रत्यक्षात दरमहा शेकडा दोन म्हणजे द.सा.द.शे. २४. आपल्या उदाहरणात त्यामुळे २,७०० रुपये जास्त जातात. म्हणून दर ऐकल्याबरोबर ‘महिन्याला की वर्षाला?’ असे स्पष्ट विचारावे आणि उत्तर चिठ्ठीत शब्दांत लिहून घ्यावे. नुसते ‘२ टक्के’ लिहिलेली चिठ्ठी ही पुढच्या भांडणाची सुरुवात ठरू शकते.

दिवसांवर काढलेले व्याज थोडे वेगळे का येते

बँका आणि पतसंस्था साधारणपणे महिने न धरता दिवस मोजतात आणि वर्षाचे ३६५ दिवस धरतात. ५ जून २०२४ पासून ५ मार्च २०२५ पर्यंतचे दिवस मोजताना जूनचे राहिलेले २५, जुलैचे ३१, ऑगस्टचे ३१, सप्टेंबरचे ३०, ऑक्टोबरचे ३१, नोव्हेंबरचे ३०, डिसेंबरचे ३१, जानेवारीचे ३१, फेब्रुवारीचे २८ आणि मार्चचे ५ मिळून २७३ दिवस होतात. यात कर्ज घेतल्याचा दिवस सोडला आहे आणि फेडल्याचा दिवस धरला आहे. दोन्ही धरले तर एका दिवसाचे व्याज जास्त लागते. आता ५,०४० × २७३ ÷ ३६५ केले की ३,७६९ रुपये ६४ पैसे येतात, म्हणजे महिन्यांच्या हिशेबापेक्षा सुमारे दहा रुपये कमी.

हा फरक चूक नव्हे. पाऊण वर्ष म्हणजे २७३.७५ दिवस, आणि कोणतेही नऊ महिने बरोबर तेवढ्या दिवसांचे नसतात. फेब्रुवारी ज्या नऊ महिन्यांत येतच नाही त्यांचे दिवस जास्त भरतात. लीप वर्ष नसताना नऊ महिन्यांचे दिवस २७३ ते २७६ यांच्या दरम्यान राहतात. त्यामुळे संस्थेच्या आकड्यात आणि आपल्या आकड्यात छत्तीस हजारांवर दहा-तीस रुपयांचा फरक दिसला तर तो दिवसांचा समजावा. शेकड्यांत फरक दिसला तर मात्र मुदत किंवा दर पुन्हा तपासावा. घरगुती व्यवहारात महिने धरणेच सोयीचे, पण जे धरायचे ते आधी ठरवावे.

मध्येच काही रक्कम परत केली तर

आता व्यवहार जसा खरोखर घडतो तसा पाहू. ५ ऑक्टोबरला सोयाबीनचे पैसे आले आणि शेतकऱ्याने १२,००० रुपये मेहुण्याला दिले. कर्ज घेऊन तोवर चार महिने झाले होते आणि पाच महिने उरले होते. अशा वेळी नऊ महिने एकदम धरता येत नाहीत. मुदतीचे दोन तुकडे करावे लागतात, कारण चार महिने एक मुद्दल वापरले गेले आणि पाच महिने दुसरे.

पहिल्या तुकड्यात मुद्दल ३६,००० आणि महिन्याचे व्याज ४२०, म्हणून चार महिन्यांचे १,६८० रुपये. पुढे काय होते, हे त्या बारा हजारांचे काय समजायचे यावर अवलंबून आहे, आणि हा प्रश्न पैसे हातात देतानाच सोडवला पाहिजे.

दोघांनी ती सगळी रक्कम मुद्दलात जमा धरली, तर उरलेले मुद्दल २४,००० रुपये होते. त्याचे वर्षाचे व्याज ३,३६० आणि महिन्याचे २८० रुपये, म्हणून पाच महिन्यांचे १,४०० रुपये. एकूण व्याज १,६८० + १,४०० = ३,०८०. शेवटी द्यायचे २४,००० + ३,०८० = २७,०८० रुपये. पूर्ण नऊ महिने काहीच न देण्याशी तुलना केली तर व्याजात ७०० रुपये वाचले, आणि बारा हजारांवरचे पाच महिन्यांचे व्याज बरोबर तेवढेच होते.

मात्र देणाऱ्यांकडे रूढ असलेली पद्धत वेगळी आहे. आलेल्या पैशांतून आधी तोवरचे व्याज वळते करायचे आणि उरलेले मुद्दलात जमा करायचे, अशी ती पद्धत. त्यानुसार बारा हजारांतून १,६८० रुपये व्याजापोटी जातात आणि १०,३२० रुपये मुद्दलातून कमी होतात. उरलेले मुद्दल २५,६८० रुपये. त्याचे महिन्याचे व्याज २९९ रुपये ६० पैसे, पाच महिन्यांचे १,४९८ रुपये. शेवटी द्यायचे २५,६८० + १,४९८ = २७,१७८ रुपये.

दोन उत्तरांत ९८ रुपयांचा फरक आहे. तो कोठून आला, हे समजून घेण्यासारखे आहे: दुसऱ्या पद्धतीत १,६८० रुपये जास्तीचे मुद्दल म्हणून पाच महिने चालू राहिले, आणि १,६८० रुपयांवर १४ च्या दराने पाच महिन्यांचे व्याज ९८ रुपयेच होते. दोन्ही पद्धतींत आकडेमोडीची चूक नाही. म्हणून पैसे देताना ‘दाजी, हे मुद्दलात धरायचे की व्याजात?’ असा प्रश्न मेहुण्याने विचारावा, किंवा त्याच्या मनात आला नाही तर दाजींनी स्वतः काढावा, आणि जे ठरेल ते चिठ्ठीवर तारखेसह लिहावे: ‘दि. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी रु. १२,००० पोहोचले. पैकी व्याज रु. १,६८०, मुद्दल रु. १०,३२०. शिल्लक मुद्दल रु. २५,६८०.’ ही नोंद केलेली असली की शेवटचा हिशेब ऑक्टोबरपासूनच करायचा असतो. जूनकडे पुन्हा जावे लागत नाही.

५ मार्चला २७,१७८ रुपये दिल्यावर त्याच चिठ्ठीवर ‘मुद्दल व व्याज पूर्ण पोहोचले, येणे बाकी नाही’ असे लिहून घ्यावे, खाली मेहुण्याची सही आणि तारीख घ्यावी, आणि मूळ चिठ्ठी घरी आणावी.